सहावीला ऋण संख्या शिकवताना: आधी लिफ्ट, मग थर्मामीटर, शेवटी पासबुक

सहावीच्या वर्गाला पहिल्यांदाच गणित शिकवणार असाल, किंवा घरी मुलाला पूर्णांक संख्यांचा धडा समजावून द्यायचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लिफ्ट, थर्मामीटर आणि पासबुक ही तिन्ही उदाहरणे सगळ्यांना माहीत असतात. अडचण अशी होते की तिन्ही एकाच तासाला, एकामागून एक सांगून टाकली जातात. मुले मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी ७ − (−४) चे उत्तर ३ लिहून आणतात.

म्हणून प्रत्येक साधनाला एकच काम द्या. लिफ्टने शून्याच्या खाली-वर चालायला शिकवायचे. थर्मामीटरने लहान-मोठे ओळखायला आणि दोन संख्यांमधला फरक काढायला शिकवायचे. पासबुकाने ऋण संख्या वजा करायला शिकवायचे. हा क्रम बदलू नका. पासबुकातली शिल्लक समजायला आधीची दोन्ही कामे हाताखालून गेलेली असावी लागतात. प्रत्येक साधनाला निदान दोन तास द्या, आणि एक पक्के झाल्याशिवाय दुसरे वर्गात आणू नका.

लागणारे साहित्य

- कार्डशीटची उभी लांब पट्टी, रिकामी काडेपेटी, दोरा
- वर आणि खाली बाण काढलेली कार्डे
- प्रयोगशाळेतला थर्मामीटर, −१० ते ११० अंश सेल्सिअसचा, आत लाल द्रव असलेला
- स्टीलचा मोठा पेला, ठेचलेला बर्फ, खडेमीठ, लाकडी चमचा
- पासबुकाच्या कोऱ्या पानाची नक्कल, प्रत्येक मुलाला एक

ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही. त्यावरचे आकडे साधारण ३५ अंश सेल्सिअसपासून सुरू होतात, शून्य त्यावर नसतेच. पाऱ्याचा थर्मामीटरही मुलांच्या हातात देऊ नका. फुटला तर पारा गोळा करणे अवघड असते आणि तो विषारी असतो.

पायरी १: काडेपेटीची लिफ्ट

गावातल्या शाळेत लिफ्ट नसते, आणि शहरातली खरी लिफ्ट शिकवायला फारशी सोयीची नसते. पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये पी-१, पी-२ हे पार्किंगचे मजले बहुतेकदा तळमजल्याच्या वर असतात आणि बी-१, बी-२ हे खाली. पार्किंग म्हणजे जमिनीखाली, असे धरून चालणारे मूल पी-२ ला −२ समजते. काही इमारतींत तेरावा मजलाच नसतो, बारानंतर थेट चौदा किंवा ‘१२ अ’ येतो. म्हणून भिंतीवर आपलीच इमारत बांधा.

कार्डशीटच्या पट्टीवर सारख्या अंतरावर आडव्या रेघा मारा. मधल्या रेघेवर ० लिहा, वर १ ते ६, खाली −१ ते −६. शून्याची रेघ लाल करा. तो तळमजला. काडेपेटीला दोरा बांधून ती पट्टीवरून वरखाली सरकेल अशी टांगा.

पहिला प्रश्न साधा ठेवा. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आहे, तिला −२ वर जायचे आहे, किती मजले खाली उतरावे लागेल? उत्तर ५ आहे, पण वर्गात चार वेगवेगळी उत्तरे येतील आणि प्रत्येक उत्तरामागे वेगळे कारण असेल.

ज्याने ६ सांगितले त्याने मजले मोजले: तीन, दोन, एक, शून्य, उणे एक, उणे दोन. मोजायच्या असतात मजल्यांमधल्या उड्या. ज्याने ४ सांगितले त्याने उड्याच मोजल्या, पण एकवरून थेट उणे एकवर उडी मारली, शून्य गाळले. ज्याने १ सांगितले त्याने चिन्हाकडे बघितलेच नाही, तीनातून दोन वजा केले. आणि ५ सांगणाऱ्यांपैकी एखाद्याने मजले मोजले आणि शून्यही गाळले. दोन चुका एकमेकींना पुसून गेल्या आणि उत्तर बरोबर आले. हे मूल पुढच्या गणिताला अडकणारच. त्यामुळे नुसते उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. मुलाला फळ्याशी बोलवा, काडेपेटी एकेक मजला सरकवायला लावा, आणि प्रत्येक सरकीला मोठ्याने ‘एक उडी, दोन उड्या’ म्हणायला लावा.

पायरी २: लिफ्टवर बेरीज

आता बेरीज आणा, पण इथे एक गोची आहे. (−२) + (+५) मध्ये −२ हा मजला आहे आणि +५ ही लिफ्टची चाल आहे. एक संख्या ठिकाण दाखवते, दुसरी हालचाल. विचार करणारी मुले इथे विचारतात, ‘मजल्यात मजला कसा मिळवायचा?’ प्रश्न अगदी रास्त आहे.

त्यावर उपाय असा, की लिफ्ट प्रत्येक गणिताला तळमजल्यावरून निघते. (−२) म्हणजे दोन उड्या खाली, (+५) म्हणजे तिथून पाच उड्या वर. दोन्ही चालीच झाल्या. काडेपेटी ३ वर थांबते, म्हणून (−२) + (+५) = ३. बाणांची कार्डे इथे वापरा. मुलांनी आधी दोन कार्डे ओळीने मांडायची, मग लिफ्ट चालवायची.

(−२) + (−३) सुरुवातीलाच घ्या, शेवटी ठेवू नका. दोन खाली, आणखी तीन खाली, लिफ्ट −५ वर. हे मुलांना सहज जमते. दोन वेगवेगळ्या चिन्हांची बेरीज त्यामानाने जड जाते.

वाचताना एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. संख्येचे चिन्ह असेल तर ‘उणे’ म्हणायचे, क्रिया असेल तर ‘वजा’. (−२) म्हणजे ‘उणे दोन’. ५ − २ म्हणजे ‘पाच वजा दोन’. पुढे ७ − (−४) हे ‘सात वजा उणे चार’ असे वाचले की त्यातल्या दोन रेघांची दोन कामे कानालाही वेगळी ऐकू येतात.

लिफ्टकडून वजाबाकी करून घेण्याचा मोह आवरा. ‘उणे दोन मजले वजा करा’ याचे चित्र लिफ्टमध्ये उभे राहत नाही. मग ‘उलटे तोंड करून उलटे चाला’ अशा क्लृप्त्या काढाव्या लागतात आणि आतापर्यंत कमावलेले सगळे विस्कटते.

पायरी ३: बर्फ, खडेमीठ आणि शून्याखालचे आकडे

हा प्रयोग जरूर करा. आईस्क्रीमचा लाकडी पॉट ज्याने घरी फिरवला आहे त्याला माहीत आहे की बर्फात मीठ घातल्याशिवाय आतले दूध घट्ट होत नाही. कारण मीठ मिसळल्यावर बर्फाचा वितळण्याचा अंश खाली जातो. बर्फ वितळायला लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता त्या मिश्रणातूनच घेतली जाते, आणि तापमान शून्याच्या खाली उतरते.

पेल्यात ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी घ्या. थर्मामीटर बुडवून दोन मिनिटे थांबा. लाल रेघ शून्याच्या जवळ येऊन स्थिरावेल. मुलांकडून नोंद करून घ्या. मग पाणी ओतून टाका, आणि तीन वाट्या बर्फाला एक वाटी या प्रमाणात खडेमीठ घालून लाकडी चमच्याने ढवळा. थर्मामीटरने ढवळू नका, खालचा फुगा फुटतो. रेघ शून्य ओलांडून खाली जाताना मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. बर्फ बारीक असेल तर काही मिनिटांत ती −५ च्याही खाली जाते. −१० च्या शेवटच्या रेघेखाली गेली तर लगेच थर्मामीटर बाहेर काढा, कारण तिथून पुढे वाचता येत नाही. आणि मीठ लागलेला बर्फ मुलांना मुठीत धरू देऊ नका, कातडीला इजा होते.

आता वाचनाची चूक पकडा. समजा लाल रेघ −१० च्या दोन बारीक खुणा वर आहे. बरीच मुले −१२ वाचतात. कारण त्यांना सवय अशी, की २० च्या वर दोन खुणा म्हणजे २२. बरोबर वाचन −८ आहे. हे समजावून सांगण्यापेक्षा मुलाचे बोट शून्यावर ठेवा आणि खाली खुणा मोजत यायला सांगा. शून्यापासून निघायची सवय लिफ्टनेच लावलेली असते, ती इथे कामी येते.

पायरी ४: लहान कोण, मोठे कोण

−८ आणि −३ यांत मोठी संख्या कोणती? वर्गातली निम्मी मुले −८ म्हणतील, आणि बरेचदा आपलाच प्रश्न त्यांना तिकडे ढकलतो. ‘लेहला −८ आहे आणि श्रीनगरला −३, जास्त थंडी कुठे?’ असे आपण विचारतो. उत्तर येते लेह, आणि मुलाच्या डोक्यात ‘जास्त’ हा शब्द −८ ला चिकटून बसतो. प्रश्न कायम असा विचारा: ‘तापमान कुठे जास्त आहे?’ जे थर्मामीटरवर वर, ते मोठे. श्रीनगर वर आहे, म्हणून −३ मोठी.

हिवाळ्यात शिकवत असाल तर वर्तमानपत्रातले शहरांचे किमान तापमान रोज फळ्यावर लिहायला लावा. जानेवारीत लेहचा आकडा उणे दहाच्याही खाली जातो, नागपूरचा शून्याच्या बराच वर राहतो. पाच-सहा शहरे चढत्या क्रमाने लावायचा सराव यातून आपोआप होतो. घरचा डीप फ्रीजर साधारण −१८ वर चालतो, तोही या यादीत घाला. तो लेहच्या वर येतो की खाली, यावर मुले वाद घालतात, आणि वाद मिटवायला त्यांना थर्मामीटरच बघावा लागतो.

शून्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाका. शून्य अंश म्हणजे ‘तापमानच नाही’ असे नव्हे. बर्फ वितळतो त्या ठिकाणाला सेल्सिअसच्या मापात शून्य म्हणायचे ठरले, इतकेच. त्याच बर्फाचे तापमान फॅरनहाइटमध्ये ३२ भरते.

पायरी ५: फरक काढणे

दुपारी तापमान ७ होते, रात्री −४ झाले. किती अंशांनी उतरले? ३ म्हणणारी मुले पुन्हा भेटतील. त्यांना थर्मामीटरच्या चित्रावर ७ पासून ० पर्यंत एका रंगाने आणि ० पासून −४ पर्यंत दुसऱ्या रंगाने रंगवायला लावा. सात आणि चार, मिळून अकरा.

मग फळ्यावर लिहा: ७ − (−४) = ११. फरक काढायचा म्हणजे वजाबाकी करायची, हे मुलांना चौथीपासून ठाऊक आहे. नियम अजून सांगू नका. ‘वजा उणे म्हणजे अधिक’ हे वाक्य तुमच्या तोंडून या टप्प्यावर निघाले तर मुले ते पाठ करतात, आणि मग (−३) − ५ मध्येही कुठूनतरी अधिक शोधून काढतात. आत्ता फक्त उत्तर ११ आहे एवढे दिसले, तरी पुरे.

पायरी ६: पासबुकाचे पान

मुलांना घरचे पासबुक आणायला सांगू नका. त्यावर खाते क्रमांक असतो, आणि कोणाच्या घरी किती पैसे आहेत हे वर्गात उघडे पडू नये. शिवाय घरचे पासबुक बहुधा बचत खात्याचे असते, आणि बचत खात्याची शिल्लक सहसा शून्याखाली जात नाही. आपल्याला खाते हवे ते दुकानदाराचे, ज्याला बँकेने शिलकीपेक्षा जास्त पैसे काढायची मुभा दिली आहे. त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात.

कोऱ्या पानावर तारीख, तपशील, नावे, जमा आणि शिल्लक असे रकाने आखा. किराणा दुकानाचे हे पान भरा:

| तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ जुलै | रोख भरणा | | ५०० | ५०० |
| ३ जुलै | मालाचे पैसे दिले | ८०० | | −३०० |
| ५ जुलै | विक्रीची रोकड | | २०० | −१०० |
| ८ जुलै | बँकेचे शुल्क | ५० | | −१५० |

खऱ्या पासबुकात −३०० असे छापलेले क्वचितच दिसते. रकमेपुढे ‘नावे’ किंवा त्याची इंग्रजी खूण असते. आणि ‘नावे’ रकान्यातल्या ८०० च्या आधी उण्याचे चिन्ह नसते, कारण रकानाच चिन्हाचे काम करतो. मुले इथे गोंधळतात. म्हणून पानाच्या कडेला त्यांच्याकडून प्रत्येक व्यवहार चिन्हासह लिहून घ्या: ५०० + (−८००) = −३००, मग −३०० + २०० = −१००, मग −१०० + (−५०) = −१५०. ही सगळी लिफ्टवरचीच बेरीज आहे, हे एखादे मूल स्वतःहून म्हणेल. कोणी म्हटले नाही तर काडेपेटीकडे बोट दाखवा.

पायरी ७: चुकीची नोंद काढून टाकणे

आता या धड्यातला सगळ्यात अवघड भाग. दुकानदार बँकेत जाऊन सांगतो की ८ जुलैचे शुल्क चुकून लावले आहे. कारकून तपासतो आणि मान्य करतो. खाते दुरुस्त करायचे आहे. मुलांना विचारा, कसे करायचे?

दोन उत्तरे येतात. एक, ती नोंदच काढून टाकायची. −५० ची नोंद खात्यातून वजा केली, म्हणजे −१५० − (−५०). ती ओळ खोडून वरची शिल्लक बघा, −१०० आहे. दुसरे, ५० रुपये जमा दाखवायचे, म्हणजे −१५० + ५०. शिल्लक पुन्हा −१००. बँक छापलेली ओळ खोडत नाही, ती दुसऱ्या पद्धतीने उलट नोंद करते. पण दुकानदाराला दोन्हींत काहीच फरक पडत नाही. ऋण नोंद काढून टाकणे आणि तेवढीच धन नोंद घालणे, दोन्हींनी खाते त्याच ठिकाणी येते. आता नियम फळ्यावर लिहा. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्यातून ऋण वजा केले की धन मिळते असा नियम दिला, तोही इथे सांगता येईल.

याच्या शेजारी लगेच दुसरे गणित मांडा: −१५० − ५०. इथे कोणतीही चुकीची नोंद काढलेली नाही, आणखी पन्नास रुपये खात्यातून गेले आहेत. शिल्लक −२००. ही जोडी शेजारी-शेजारी ठेवली नाही तर मुले दोन्हींचे उत्तर एकच लिहितात.

चौकस मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘३०० − (−२००) मध्ये काढायला ऋण नोंद आहे कुठे? खात्यात तर ३०० जमा आहेत.’ या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. विचारा, शिल्लक ३०० कशी झाली असेल? कोणी म्हणेल ३०० जमा केले. कोणी म्हणेल ४०० जमा करून १०० काढले. कोणी म्हणेल ५०० जमा केले आणि २०० काढले. या तिसऱ्या खात्यावर थांबा. शिल्लक ३०० आहे, आणि −२०० ची नोंदही आहे. ती नोंद चुकीची निघाली, काढून टाकली. उरले ५००. म्हणून ३०० − (−२००) = ५००.

आता ३ − (−२) घ्या आणि तिन्ही साधने एकदाच समोर ठेवा. पासबुकाच्या रीतीने उत्तर ५. थर्मामीटरवर −२ ते ३ मधला फरक ५. काडेपेटी −२ वरून ३ वर न्यायला ५ उड्या. तीन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की मुलांना नियमाबद्दल शंका उरत नाही.

पायरी ८: तपासणीचे पाच प्रश्न

दोन दिवस मध्ये जाऊ द्या आणि कोणतेही साधन न देता हे विचारा.

१. (−४) + (+६)
२. −९ आणि −२ यांत मोठी संख्या कोणती?
३. ५ आणि −३ यांतला फरक
४. (−६) − (−२)
५. (−६) − २

उत्तरे: २, −२, ८, −४, −८.

पहिले चुकले तर मुलाला काडेपेटीकडे परत न्या, आणि १ किंवा ३ असे एकाने मागेपुढे उत्तर आले असेल तर उड्यांची मोजणी तपासा. दुसरे चुकले तर थर्मामीटर. तिसऱ्याचे उत्तर २ आले तर रंगवण्याचा सराव पुन्हा घ्या. चौथे आणि पाचवे नेहमी जोडीने बघा. दोन्हींचे उत्तर −४ असेल तर मुलाने ‘वजा उणे म्हणजे अधिक’ एवढेच पाठ केले आहे, आणि दोन्ही −८ असतील तर कंसाच्या आतले चिन्ह त्याने वाचलेलेच नाही. पहिल्याला शेजारी-शेजारी मांडलेली पासबुकाची जोडी पुन्हा सोडवायला द्या. दुसऱ्याला फक्त मोठ्याने वाचायला लावा, ‘उणे सहा वजा उणे दोन’, ‘उणे सहा वजा दोन’.

गुणाकार-भागाकाराला इथे हात लावू नका. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात तो भाग सातवीत येतो, आणि या तीन साधनांपैकी एकही उणे गुणिले उणेसाठी नीट चालत नाही.